‘हो ना?’ न म्हणता सरतपासणी

प्रश्न: मी सोलापुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत मला सरकारी वकील म्हणून माझ्याच बाजूच्या साक्षीदाराची सरतपासणी घ्यायची आहे. केस अशी: 16 जानेवारी 2025, संध्याकाळी सव्वासात, अक्कलकोट रोड. शहराकडून अक्कलकोटच्या दिशेने निघालेल्या टेम्पोने सायकलवरच्या यंत्रमाग कामगाराला उडवलं. साक्षीदार म्हणजे रस्त्याच्या पलीकडचा चहाच्या टपरीवाला. ती भूमिका माझी रूममेट करते. बचाव पक्षाचं म्हणणं, टेम्पो आरोपी नव्हे तर क्लीनर चालवत होता, आणि सायकल अचानक मध्ये आली. सराव करताना माझा दर दुसरा प्रश्न सूचक निघतो आणि सर हरकत मान्य करतात. म्हणून ‘काय झालं ते सांगा’ असं विचारलं, तर ती एका दमात सगळी गोष्ट सांगून मोकळी होते. ती मध्येच विसरली तर तिचा पोलिसांपुढचा जबाब तिला दाखवता येईल का? परीक्षा दोन आठवड्यांवर आहे.

उत्तर: तुमच्या रूममेटला सगळी केस पाठ आहे, तुमची खरी अडचण तिथूनच सुरू होते. तुम्ही कितीही पोकळ प्रश्न विचारला तरी ती बरोबर उत्तर देणार, कारण तुम्हाला काय हवंय हे तिला ठाऊक आहे. प्रश्न फसला हे तुम्हाला कळतच नाही. तेव्हा आजपासून तिच्या हातात फक्त टपरीवाल्याचा जबाब आणि जागेचा नकाशा ठेवा. दोषारोप, बचावाचं म्हणणं, तुमची प्रश्नांची यादी यातलं काहीही तिला दाखवू नका.

दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची. केस अजिबात न वाचलेल्या कुणाला तरी, मेसच्या मावशी असल्या तरी चालतील, तुमचे प्रश्न एकापाठोपाठ एक वाचून दाखवा. उत्तरं सांगू नका. शेवटी विचारा, ‘मावशी, काय झालं असेल?’ त्यांनी जर टेम्पो भरधाव होता, ड्रायव्हर पळून गेला, सायकलवाल्याची काही चूक नव्हती असं घडाघडा सांगितलं, तर ती माहिती त्यांना तुमच्या प्रश्नांतूनच मिळाली. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 146 नेमकं हेच म्हणतं: विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे किंवा अपेक्षित आहे, ते सुचवणारा प्रश्न म्हणजे सूचक प्रश्न. जुन्या कायद्यात हे 141 ते 143 अशा तीन कलमांत विभागलेलं होतं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे आणि तुमचा अपघात त्यानंतरचा आहे, त्यामुळे परीक्षेत 146 चाच आकडा तोंडात असू द्या.

त्या कलमात दोन सवलती आहेत आणि विद्यार्थी त्या वापरतच नाहीत. प्रास्ताविक आणि वादात नसलेल्या गोष्टींवर सूचक प्रश्न विचारायला न्यायालयाने परवानगी द्यायचीच असते. जी गोष्ट न्यायालयाच्या मते आधीच पुरेशी शाबीत झाली आहे, तिच्याबाबतही तसंच. टपरीवाल्याचं नाव, धंदा, त्या संध्याकाळी टपरी उघडी होती हे कुणी नाकारत नाही. ‘अक्कलकोट रोडवर तुमची चहाची टपरी आहे आणि त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही तिथेच होता, बरोबर?’ असं एका दमात विचारून पुढे जा. तिथे ‘आपला व्यवसाय काय, तो कुठे चालतो’ अशी चार वाक्यं घालवून परीक्षेची मिनिटं खर्चू नका. वाद दोनच ठिकाणी आहे: गाडी कोण चालवत होतं आणि सायकल कुठे होती. तिथे मात्र एकही सूचक शब्द नको. 1993 मध्ये वार्की जोसेफ विरुद्ध केरळ राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाच्या सरतपासणीतले सूचक प्रश्न आरोपीच्या न्याय्य खटल्याच्या हक्कावर घाला घालणारे ठरवले होते. परीक्षकांनी ‘का नको?’ विचारलं तर हा निकाल सांगता येईल.

आता तुमचे प्रश्न सूचक का निघतात ते पाहू. ‘टेम्पो वेगात होता ना?’ यातली चूक तुम्हालाही दिसते. पण तो ‘ना’ काढला म्हणजे काम झालं असं समजून तुम्ही बहुधा विचारत असाल, ‘टेम्पो भरधाव आला तेव्हा तुम्ही काय करत होता?’ या प्रश्नात ‘काय’ आहे, शेवटी ‘ना’ नाही, दिसायला अगदी सोज्वळ. तरी तो सूचक आहे, कारण टेम्पो भरधाव होता हे तुम्ही स्वतःच सांगून टाकलंत आणि साक्षीदाराने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही. उलट, ‘त्या माणसाला तुम्ही आधी ओळखत होता का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असलं तरी प्रश्न सूचक नाही. दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या आहेत. तेव्हा प्रश्नाचा पहिला शब्द तपासण्यापेक्षा एवढंच पाहा: या प्रश्नातली कोणती माहिती साक्षीदाराने अजून दिलेली नाही? जी दिलेली नाही ती गाळा.

तरीही ‘भरधाव’ची एक वेगळी गंमत आहे. समजा हरकत आलीच नाही आणि साक्षीदार म्हणाला, ‘हो, फार वेगात होता.’ तुमच्या हाती काय आलं? फारसं काही नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या 1998 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वाहन जास्त वेगात होतं एवढ्यावरून बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ‘जास्त वेग’ हे सापेक्ष आहे, तो म्हणजे नेमका काय हे साक्षीदारांकडून पुढे यायला हवं. म्हणजे सूचक प्रश्न विचारून तुम्ही नियम मोडता आणि बदल्यात एक बिनकामाचा शब्द मिळवता. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली बेदरकारपणे वाहन चालवणं दाखवायचं असेल तर टपरीवाल्याने डोळ्यांनी काय पाहिलं आणि कानांनी काय ऐकलं तेच हवं. टेम्पो रस्त्याच्या कुठल्या भागातून येत होता, सायकल कुठे होती, धडकेनंतर टेम्पो किती पुढे जाऊन थांबला. अशा गोष्टी विचारायला लागलात की प्रश्न आपोआप मोकळे होतात, कारण ‘कुठे’ आणि ‘किती’ची उत्तरं तुम्ही सुचवायला गेलात तरी अवघडच.

सायकलचा भाग असा होऊ शकतो. आकडे मी उदाहरणाला घेतले आहेत, तुम्ही केसपेपरातले घाला.

— सायकलवाला तुम्हाला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो रस्त्याच्या कोणत्या भागात होता?
— डाव्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर.
— तिथून तो कसा गेला?
— तसाच कडेकडेने.
— तुम्ही त्याच्याकडे का पाहत होता?
— रोजचा गिऱ्हाईक आहे, सुट्टी झाली की येतो. हात करणार होतो.
— मग काय झालं?
— मागून टेम्पो आला, पट्टा ओलांडून.
— टेम्पोचा कोणता भाग सायकलीच्या कोणत्या भागाला लागला?
— पुढची डावी बाजू, मागच्या चाकाला.
— त्यानंतर टेम्पो कुठे थांबला?
— पुढच्या पानपट्टीजवळ. चाळीस-पन्नास फूट असेल.

बघा, ‘सायकल अचानक मध्ये आली नाही ना?’ हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागला नाही. साक्षीदाराने सायकल आधीपासून पाहिली होती आणि ती कडेला होती, एवढं आलं की बचावाचा तो मुद्दा आपोआप ढिला पडतो. ‘का पाहत होता?’ हा प्रश्न मात्र विद्यार्थी सहसा विसरतात. संध्याकाळच्या गर्दीत टपरीवाला नेमक्या त्याच सायकलीकडे का पाहील, हे उलटतपासणीत येणारच आहे. त्याचं साधं कारण आधीच यायला हवं, पण ते जबाबात असेल तरच. नसेल तर प्रश्न गाळा. रूममेटने उत्साहाने नवीन कारण रचलं तर तुमचाच साक्षीदार सुधारणा करतोय असं दिसेल, आणि जबाबात नसलेली गोष्ट साक्षीत आली की बचावाचे वकील तीच धरून बसतात.

सगळ्यात अवघड असतात न घडलेल्या गोष्टी. हॉर्न वाजला नाही, ब्रेकचा आवाज आला नाही. ‘हॉर्न वाजला नाही ना?’ हे तर सरळ सूचक. आधी ‘धडकेच्या आधी तुम्हाला काय ऐकू आलं?’ असं विचारा. साक्षीदार म्हणेल, ‘काहीच नाही, एकदम धाडकन आवाज झाला.’ तेवढं पुरेसं आहे. तो हॉर्नबद्दल बोललाच नाही तर ‘हॉर्न वाजला की नाही, काय सांगाल?’ असं विचारता येतं. दोन्ही पर्याय सारखे ठेवले असल्यामुळे हरकत टिकणं कठीण. फक्त आवाजात ‘नाही’वर जोर देऊ नका. सरावाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ऐका. मराठीत अर्धा सूचकपणा सुरातच असतो. लेखी यादीत निर्दोष दिसणारा प्रश्न मान हलवत विचारला की सूचक होतो, आणि समोर बसलेल्या परीक्षकांना ती मान दिसते.

आता ओळखीचा मुद्दा, कारण केस त्यावरच उभी आहे. तुमच्या मनात प्रश्न असणार, ‘ड्रायव्हर उतरला तेव्हा त्याचा चेहरा दिसला का?’ इथे ‘ड्रायव्हर’ हा शब्दच वादाचा आहे. कोण ड्रायव्हर होतं हेच तर सिद्ध करायचंय. त्यासाठी जागेपासून सुरुवात करा. टेम्पो शहराकडून अक्कलकोटकडे चालला होता, म्हणजे तो रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणार. टपरी पलीकडे, म्हणजे टेम्पोच्या उजव्या हाताला. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असतं, म्हणजे चालकाचं दार टपरीच्या बाजूला आलं. टपरी अलीकडच्या बाजूला असती तर साक्षीदाराला क्लीनरचं दार दिसलं असतं आणि तुमची केस तिथेच लंगडी झाली असती. म्हणून ‘टपरी रस्त्याच्या कोणत्या बाजूला?’ हा किरकोळ वाटणारा प्रश्न सुरुवातीलाच घ्या आणि उत्तर नोंदलं गेलं याची खात्री करा.

मग पुढे:

— टेम्पो थांबल्यावर तुम्ही काय पाहिलं?
— एक माणूस उतरला.
— कोणत्या दारातून?
— माझ्याकडच्या. स्टेअरिंगच्या बाजूच्या.
— आणखी कोणी उतरलं का?
— पलीकडच्या बाजूने एक पोरगा. तो पळत सायकलवाल्याकडे आला.
— पहिल्या माणसाने काय केलं?
— सायकलवाल्याकडे बघितलं आणि गल्लीत निघून गेला.
— तुमच्यात आणि त्या माणसात किती अंतर होतं?
— रस्त्याएवढंच. तीस-पस्तीस फूट.
— तिथे उजेड कशाचा होता?
— रस्त्यावरचा दिवा, आणि माझ्या टपरीचा बल्ब.
— त्या माणसाचं तुम्हाला काय काय दिसलं?
— चेहरा दिसला. गल्लीकडे वळताना दिव्याखालून गेला.
— तो माणूस आज न्यायालयात आहे का? असल्यास दाखवा.

जानेवारीत सोलापुरात सातच्या आत अंधार पडतो, म्हणून सव्वासातच्या घटनेत उजेडाचा प्रश्न टाळून चालणार नाही. शेवटच्या प्रश्नात ‘हाच तो ना?’ म्हणून आरोपीकडे बोट करू नका, नजरही वळवू नका. आणि ‘गाडी हाच चालवत होता’ हे वाक्य साक्षीदाराकडून वदवून घेण्याच्या मागे लागू नका, जर त्याने फक्त उतरताना पाहिलं असेल. स्टेअरिंगच्या दारातून हा उतरला, पलीकडून पोरगा उतरला. त्यावरून चालक कोण हा निष्कर्ष तुम्ही युक्तिवादात काढायचा.

एका दमात गोष्ट सांगण्याच्या सवयीकडे येऊ. तो दोष तिचा नाही, ‘काय झालं ते सांगा’ या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. वरचे प्रश्न पाहा: प्रत्येकाला वेळेची किंवा जागेची हद्द आहे. ‘टेम्पो थांबल्यावर’, ‘धडकेच्या आधी’, ‘तिथून’. हद्द घातली म्हणजे उत्तर सुचवलं असं होत नाही. ती पुढे धावलीच तर हात किंचित वर करून ‘तिथे थांबा’ म्हणा आणि तिच्याच उत्तरातला एक तुकडा उचला: ‘तुम्ही म्हणालात, पलीकडून एक पोरगा उतरला. तो अंदाजे किती वर्षांचा होता?’ साक्षीदाराने दिलेलीच माहिती प्रश्नात वापरणं सूचक नाही. फक्त ती वाढवू नका. ती ‘निघून गेला’ म्हणाली असेल आणि तुम्ही ‘तो पळून गेला तेव्हा’ असं म्हटलंत, तर तिथे रास्त हरकत येईल.

थांबवण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांत नोंदत नाहीत, साक्षीदाराच्या तोंडच्या सलग निवेदनासारखी लिहितात. न्यायाधीश सांगतात आणि टंकलेखक टाइप करतो. रंगभवनाजवळच्या जिल्हा न्यायालयात एखादी फौजदारी सरतपासणी मागे बसून पाहा, वकील उत्तरानंतर किती वेळ गप्प उभा राहतो ते लक्षात येईल. अभ्यासक्रमात खटल्यांचं निरीक्षण तुम्हाला करायचंच असतं. आपला प्रश्न सूचक वाटला तर न्यायाधीश तो प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेऊ शकतात. पुढे निकालाच्या वेळी ते उत्तर कुणाच्या तोंडचं होतं हे कागदावरच दिसतं.

जबाबाबद्दल: नाही, दाखवू नका. परदेशी खटल्यांचे व्हिडिओ पाहून हे डोक्यात आलं असेल. तिथे साक्षीदाराच्या हातात त्याचं आधीचं निवेदन देऊन स्मृती ताजी करतात. आपल्याकडे पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीही नसते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181 त्याचा उपयोग मुख्यतः साक्षीतली विसंगती दाखवण्यापुरता मर्यादित ठेवतं. सरकार पक्षाला आपल्याच साक्षीदाराची विसंगती दाखवायची असली तरी त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. तुमच्या परीक्षेच्या नियमपत्रिकेत वेगळं काही असेल तर तिथलं पाळा, एरवी हाच नियम धरून चला.

मग विसरली तर? आधी प्रश्नाची हद्द अरुंद करा. ‘टेम्पो थांबल्यावर काय पाहिलं?’ याला ‘गर्दी झाली’ असं उत्तर आलं तर ‘गर्दी होण्याआधी?’ विचारा, तरी नाही आलं तर ‘टेम्पोच्या दारांकडे पाहिलं होतं का? काय दिसलं?’ महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीसाठी असे दोन-तीन उतरते प्रश्न आधीच लिहून ठेवा. रूममेटला सांगा की तिने सरावात मुद्दाम एखादी गोष्ट विसरायची, कुठली ते तुम्हाला न सांगता. टेम्पोचा नंबरच आठवत नसेल आणि केसपेपरात त्याने तो उधारीच्या वहीत लगेच लिहून ठेवल्याची नोंद असेल, तर कलम 162 कामाला येतं. ‘नंबर पाहिल्यावर तुम्ही काय केलं?’, ‘कशात लिहिला?’, ‘किती वेळाने?’ एवढं आल्यावर वही पाहून सांगण्याची परवानगी मागा. ती वही समोरच्या पक्षाला पाहू द्यावी लागते, हे विसरू नका. विसरलेला साक्षीदार फितूर नसतो, त्यामुळे घाबरून कलम 157 खाली उलट प्रश्न विचारायची परवानगी मागणं परीक्षेत हास्यास्पद दिसेल.

हरकत मान्य झाली तर वाद घालू नका, आणि तोच प्रश्न शेपूट कापून लगेच पुन्हाही विचारू नका. ‘वेगात होता ना?’वर हरकत मान्य झाल्यावर ‘बरं, वेग कसा होता?’ असं विचारलंत, तर उत्तर आधीच खोलीत हिंडतंय आणि परीक्षकांना ते माहीत आहे. ‘टेम्पो कुठे थांबला?’कडे वळा, दोन-तीन प्रश्नांनंतर दुसऱ्या बाजूने परत या. समोरचा मित्र खोटीच हरकत घेत असेल तर एक वाक्य पुरे: ‘सर, प्रश्नातली माहिती साक्षीदाराने आत्ताच दिली आहे.’

उलटतपासणीनंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारता येतात, त्या फेरतपासणीतही 146 ची मनाई तशीच लागू असते, हे बरेच जण परीक्षेच्या दिवशीच शिकतात. उलटतपासणीत क्लीनरचा मुद्दा येणार हे धरून एक मोकळा प्रश्न खिशात ठेवा: ‘पोरगा कोणत्या दारातून उतरला असं तुम्ही सांगितलंत, ते दार तुम्हाला टपरीतून कसं दिसलं?’ पलीकडचं दार टेम्पोआड असणार, तेव्हा जबाबात याचं उत्तर काय आहे ते आजच रात्री काढून पाहा. तिथे काही नसेल, तर वरच्या सरतपासणीतलं ‘पलीकडच्या बाजूने एक पोरगा’ हे वाक्य बदलून ‘टेम्पोच्या मागून एक पोरगा येताना दिसला’ एवढ्यावर आणावं लागेल, आणि तेही जबाबाला धरून असेल तरच.